अग्रे की अग्नेः?

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं अठरावं सूक्त मृत्यूचं आहे. चौदा ऋचांच्या या सूक्तात मृत्यूला वेगळ्या वाटेने जायला सांगितलं आहे, मागे राहिलेल्यांसाठी आयुष्य मागितलं आहे आणि मेलेल्या माणसाला जपून पोटात घे, असं पृथ्वीला विनवलं आहे. सातव्या ऋचेत काही स्त्रिया येतात. त्यांनी कुठे जावं हे सांगणाऱ्या ओळीचा शेवटचा शब्द ‘अग्रे’ आहे, म्हणजे आधी, सगळ्यांच्या पुढे. हीच ओळ पुढे काही ग्रंथांत ‘अग्नेः’ अशी उतरली, म्हणजे अग्नीच्या. पहिला शब्द धरला तर त्या स्त्रिया घराकडे वळतात. दुसरा धरला तर चितेकडे.

असा पेच अभ्यासक कसा सोडवतो, हे एका विद्यार्थिनीच्या गोष्टीतून सांगतो. ही मुलगी आणि तिच्या समोरच्या दोन पोथ्या मी कल्पिलेल्या आहेत. पाठभेद, त्यावरून झालेला वाद आणि तो सोडवणारे पुरावे मात्र खरे आहेत.

ती पुण्यात संस्कृतात एम.ए. करते आहे आणि प्रबंधिकेसाठी तिने अंत्यसंस्काराचे मंत्र घेतले आहेत. पहिली पोथी ऋग्वेदसंहितेची, देवनागरी, शके 1706 ची. पोथ्या मंडलांप्रमाणे नव्हे तर अष्टकांप्रमाणे बांधलेल्या असतात, हे तिला आधी ठाऊक नव्हतं. दहावं मंडल शोधता शोधता ते सूक्त तिला सातव्या अष्टकात सापडलं. दुसरी पोथी रघुनंदन भट्टाचार्यांच्या ‘शुद्धितत्त्वा’ची. रघुनंदन हे सोळाव्या शतकातले नवद्वीपचे स्मार्त पंडित. हा त्यांचा ग्रंथ अशौच आणि शुद्धी यांचा, म्हणजे सुतक कुणाला किती, कोणता विधी केव्हा, अशा प्रश्नांचा. पोथी बंगाली लिपीतली, त्यामुळे ती अडखळत वाचत होती. सहमरणाच्या प्रकरणात आधार म्हणून तीच ऋचा दिलेली दिसली आणि शेवटी ‘अग्नेः’.

तिने ताबडतोब निकाल लावला. “बाई, ही सरळ लबाडी आहे. बायकांना जाळायला वेदच बदलला.”

तिच्या मार्गदर्शक बाईंनी दोन्ही पोथ्यांच्या पानांची छायाचित्रं पाहिली. “असेलही. पण तुला ‘अग्रे’ हवंय ना? मग ते सिद्ध कर. तुला नको असलेला पाठ सिद्ध करायला जेवढा पुरावा मागितला असतास, तेवढाच इथे माग.”

पाठचिकित्सेत हे पथ्य सगळ्यांत अवघड असतं, असं मला वाटतं. अधिक माणुसकीचा पाठ तोच मूळचा, असा काही नियम नाही. जुन्या ग्रंथांत आपल्याला न पटणाऱ्या कितीतरी गोष्टी अस्सल असतात.

तिला पहिलं काम मिळालं ते दोन्ही साक्षीदारांची जात ओळखण्याचं. वरवर पाहता एका सूक्ताच्या दोन प्रती, म्हणून एकास एक असा सामना वाटतो. पण संहितेची पोथी त्या सूक्तासाठीच लिहिलेली आहे, तर निबंधग्रंथाच्या पोथीत ती ऋचा अवतरण म्हणून आली आहे. अवतरण देणारा पुष्कळदा आठवणीतून देतो किंवा आधीच्या निबंधातून उचलतो आणि त्याचं सगळं लक्ष स्वतःच्या मुद्द्यावर असतं. शिवाय त्या ग्रंथाच्या पुढच्या प्रती करणारे लेखनिक वेदपाठी असतीलच असं नाही. म्हणून अवतरणाची साक्ष ऐकायची, पण दुय्यम म्हणून. अर्थात दुय्यम म्हणजे खोटी नव्हे. महाभारतासारख्या ग्रंथात जुनं अवतरण कधी कधी हाती असलेल्या पोथ्यांपेक्षा जुना पाठ जपून ठेवतं. ऋग्वेदाच्या बाबतीत तसं घडण्याची शक्यता फार कमी, आणि त्याचं कारण पोथ्यांमध्ये नाही, पाठांतरात आहे.

महाभारताची चिकित्सित आवृत्ती करताना भांडारकर संस्थेत सुकथनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना वेगवेगळ्या लिपींतल्या पोथ्या ओळीओळीने ताडून पाहाव्या लागल्या, कारण ते काव्य प्रांतोप्रांती वाढत, बदलत गेलं होतं. ऋग्वेद कागदावर येण्यापूर्वी आणि आल्यानंतरही तोंडी चालत राहिला, आणि तो केवळ घोकून नव्हे. संहितापाठात शब्द संधी होऊन येतात. पदपाठात ते सुटे करून म्हणतात. क्रमपाठात पहिला-दुसरा, दुसरा-तिसरा अशा जोड्या बांधत पुढे जातात, आणि जटा, घन यांत त्याच जोड्या उलटसुलट फिरवतात. त्यामुळे एकच शब्द निरनिराळ्या शेजाऱ्यांबरोबर, निरनिराळ्या संधींत उच्चारला जातो.

आपला शब्द ओळीच्या शेवटी आहे, म्हणून क्रमपाठात काय होतं ते बघण्यासारखं आहे. अर्ध्या ऋचेच्या अखेरीस येणारं पद ‘इति’ लावून पुन्हा म्हणायचं असतं. ‘अग्रे’ असेल तर ते ‘अग्र इत्यग्रे’ असं होईल, ‘अग्नेः’ असेल तर ‘अग्नेरित्यग्नेः’. त्यामुळे एकट्या पाठकाची जीभ कुठे घसरली, तर बरोबर म्हणणाऱ्यांच्या कानाला ते लगेच खटकतं. एका लेखनिकाची चूक पुढच्या प्रतीत निमूटपणे उतरते. क्रमपाठातली चूक चारचौघांत पकडली जाते.

विद्यार्थिनी पुण्यातल्या एका घनपाठी गुरुजींकडे गेली. गुरुजींनी ती ऋचा म्हटली, मग क्रम म्हटला. तिने ‘अग्नेः’ विषयी विचारल्यावर ते म्हणाले, “तसं म्हणताच येणार नाही. स्वर बसत नाही.”

त्या शेवटच्या वाक्याने तिला संहितेच्या पोथीकडे परत धाडलं. ऋग्वेदाच्या पोथीत अक्षरांबरोबर स्वरही लिहिलेले असतात, बहुधा लाल शाईने. अनुदात्ताखाली आडवी रेघ, स्वरितावर उभी रेघ आणि उदात्त कोरा. ‘अग्र’ शब्दात उदात्त पहिल्या अक्षरावर आहे. म्हणून ‘अ’ कोरा राहतो आणि पुढच्या अक्षरावर उभी रेघ येते: अग्रे॑. ‘अग्नि’ शब्दात उदात्त शेवटच्या अक्षरावर. म्हणून ‘अ’खाली आडवी रेघ येते आणि शेवटचं अक्षर कोरं राहतं: अ॒ग्नेः. इतकंच नव्हे, आधीच्या ‘योनिम्’ या शब्दातल्या ‘नि’ची खूणही बदलते. पुढे लगेच उदात्त असेल तर ‘नि’खाली आडवी रेघ, नसेल तर त्याच्यावर उभी. म्हणजे कुणी फक्त ‘ग्र’चा ‘ग्न’ केला आणि विसर्ग जोडला, तर तीन ठिकाणच्या खुणा नव्या शब्दाशी जुळणार नाहीत. तिच्या पोथीत तिन्ही खुणा ‘अग्रे’च्या बाजूने होत्या. त्या पानावर अन्यत्र एका चुकलेल्या अक्षराला हरताळ फासलेली होती, पण या ओळीत खाडाखोड नव्हती.

आणि शुद्धितत्त्वाची पोथी? तिच्यात स्वरचिन्हंच नव्हती. धर्मशास्त्राच्या निबंधांत मंत्र सहसा बिनस्वराचेच लिहितात. वेदपाठशाळेतून ती ऋचा निबंधकाराच्या पानावर आली तेव्हा तिचे पहारेकरी मागेच राहिले.

इथपर्यंत एका पोथीची आणि एका मौखिक परंपरेची साक्ष झाली. बाईंनी विचारलं, “आणखी कोण?” तीच ऋचा अथर्ववेदात दोन ठिकाणी येते, बाराव्या आणि अठराव्या कांडात, आणि तैत्तिरीय आरण्यकाच्या सहाव्या प्रपाठकातही येते. या शाखा वेगळ्या, त्यांचे पाठक वेगळे, प्रदेशही बरेचसे वेगळे. मधल्या एका क्रियापदात त्यांचा ऋग्वेदाशी फरक आहे, आणि पाठचिकित्सकाच्या दृष्टीने तो फरक मोलाचा आहे. त्यांनी ऋग्वेदावरून आंधळी नक्कल केली असती तर तो फरक दिसला नसता. एका शब्दात वेगळं म्हणणारे हे साक्षीदार शेवटच्या शब्दाला येऊन सगळे ‘अग्रे’ म्हणतात. चौदाव्या शतकातल्या सायणाचार्यांनीही भाष्यात तोच शब्द धरला आहे आणि त्या स्त्रियांनी सर्वांच्या आधी आपल्या घरी यावं असा अर्थ दिला आहे.

मग संदर्भ. ऋचेत या स्त्रियांना ‘अविधवा’ म्हटलं आहे. डोळ्यांत तुपाचं अंजन घातलेल्या, अश्रू नसलेल्या, दागिने ल्यालेल्या अशा त्या आहेत. ज्यांचे नवरे हयात आहेत त्यांनी चितेवर का चढावं? मृताची बायको पुढच्या, आठव्या ऋचेत येते. ती प्रेताशेजारी आहे आणि तिला उठून जिवंतांच्या जगात परत यायला सांगितलं आहे.

विद्यार्थिनीला वाटलं, इथे प्रश्न संपला. बाईंनी तिला कोलब्रुकचा निबंध वाचायला दिला. हेन्री थॉमस कोलब्रुक हा कंपनी सरकारचा अधिकारी. हिंदू विधवेच्या कर्तव्यांवरचा त्याचा निबंध कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संशोधनखंडात 1795 साली आला. त्यात ही ऋचा बंगाली परंपरेतल्या निबंधांप्रमाणे भाषांतरित केली आहे, आणि ‘अविधवा’ या शब्दाचा अर्थ तिथे ‘विधवा होऊ नये म्हणून’ असा लावला आहे. नवऱ्याबरोबर गेलेली बाई विधवा होत नाही, असा तो हिशेब. म्हणजे शेवटचा शब्द एकदा बदलला की आधीचे शब्द त्याच्याकडे वळवून घेता येतात. संदर्भाचा पुरावा भक्कम वाटतो, पण अर्थ लावणाऱ्याने मनावर घेतलं तर तो वाकतो. स्वराची रेघ तशी वाकत नाही.

त्याच निबंधात तिला एक चमत्कारिक गोष्ट दिसली. कोलब्रुकच्या भाषांतरात स्त्रिया ज्या अग्नीत जातात त्या अग्नीला ‘ज्याचं मूळ पाणी आहे असा’ हे विशेषण आहे. ऋग्वेदाच्या ओळीत पाण्याचा पत्ताच नाही. हे पाणी आलं कुठून?

तिने ओळीतले मधले शब्द सुटे लिहून पाहिले. ऋग्वेदात ‘जनयो योनिम्’ असं आहे. जनयः म्हणजे स्त्रिया, योनिम् म्हणजे स्थान, घर. त्यात ‘यो’ हे अक्षर लागोपाठ दोनदा येतं. असं एकसारखं अक्षर जवळजवळ दोनदा आलं की नक्कल करणाऱ्याची नजर एकावरून दुसऱ्यावर उडते आणि मधलं गळतं. पोथ्यांमधल्या सर्वांत नेहमीच्या चुकांपैकी ही एक. एक ‘यो’ गळला की उरतं ‘जनयोनिम्’. त्याचा अर्थ लागत नाही. आता बंगाली लिपीतले ‘न’ आणि ‘ल’ शेजारी ठेवून पाहा, घाईच्या अक्षरात ते ओळखणं कठीण जातं. ‘जनयोनिम्’चं ‘जलयोनिम्’ झालं की अर्थ लागतो: जल हे ज्याचं उगमस्थान आहे ते. आणि अग्नी पाण्यातून जन्मतो ही कल्पना तर वैदिक वाङ्मयात परिचयाचीच.

छंदाची कसोटी लावून पाहावी असं तिला सुचलं. त्रिष्टुभाच्या चरणात अकरा अक्षरं असतात. ‘अग्रे’च्या जागी ‘अग्नेः’ आलं तरी अकराच राहतात, लघुगुरूही तेच, कारण दोन्हीकडे पहिलं अक्षर जोडाक्षरामुळे गुरू आणि दुसरं मुळातच गुरू. म्हणजे ज्या शब्दावर सगळा वाद आहे तिथे छंद काहीच बोलत नाही. पण ‘जलयोनिम्’ आलं की चरण दहा अक्षरांचा होतो आणि लंगडतो. छंदाने मुख्य आरोपीला सोडलं, पण त्याच्या शेजाऱ्याला पकडलं.

या शोधाने तिचा पहिला निकाल डळमळला. एखाद्याने जाणूनबुजून वेद बदलला असता तर त्याने नेमका हवा तो शब्द बदलून बाकीची ओळ नीट ठेवली असती. अक्षर गाळून छंद मोडला नसता. इथे ओळ ठिकठिकाणी झिजलेली दिसते आणि प्रत्येक झिजेनंतर कुणीतरी तिला त्यातल्या त्यात अर्थपूर्ण केलेलं दिसतं. ‘अग्रे’चं ‘अग्नेः’ होण्याची वाटही अशीच दोन पायऱ्यांची असू शकते. आधी ‘ग्र’ ऐवजी ‘ग्न’ वाचला गेला आणि ‘अग्ने’ झालं. हे अग्नीचं संबोधन, वेदात पदोपदी येणारं, लेखनिकाच्या हाताला सवयीचं. पण ‘हे अग्ने’ म्हटल्यावर ओळीत योनी कुणाची ते उघडं राहतं, म्हणून पुढच्या कुणीतरी दोन ठिपके देऊन ‘अग्नेः’ केलं. हा क्रम सिद्ध झालेला नाही, अनुमान आहे. पण उलटा प्रवास, म्हणजे ‘अग्नेः’पासून ‘अग्रे’ कसं झालं, ते सांगायला बसलं तर वेगवेगळ्या शाखांच्या पाठकांनी एकाच वेळी, स्वरांसकट, एकच चूक केली असं मानावं लागतं. दोन पाठांपैकी कोणत्या पाठातून दुसरा उगवू शकतो, हा प्रश्न पाठचिकित्सेत निर्णायक ठरतो तो असा.

पाठ्यपुस्तकात आणखी एक नियम तिने वाचला होता, की दोन पाठांपैकी अवघड पाठ मूळचा असण्याची शक्यता जास्त, कारण लेखनिक अवघडाचं सोपं करतो, सोप्याचं अवघड नाही. हा नियम ती इथे लावायला गेली आणि फसली. ‘अग्नीची योनी’ ही रचना ‘आधी घरात’ यापेक्षा नक्कीच अवघड. नियम शब्दशः धरला तर ‘अग्नेः’ जिंकतं. बाई हसल्या. “सुमित्र मंगेश कत्रे यांचं पाठचिकित्सेवरचं 1941 चं पुस्तक पुन्हा वाच. अवघड म्हणजे कुणाला अवघड, ते आधी ठरव. चितेच्या विधीवर लिहिणाऱ्या माणसाला त्या जागी अग्नी दिसणं हेच सोपं.”

शेवटची साक्ष विनियोगाची होती, म्हणजे ही ऋचा विधीत कुठे म्हणायची याची. आश्वलायन गृह्यसूत्राच्या चौथ्या अध्यायात हे स्पष्ट आहे. आठवी ऋचा चितेपाशी म्हणायची. मृताचा दीर, किंवा त्याच्या जागी शिष्य अथवा वृद्ध सेवक, ती म्हणत पत्नीला प्रेताशेजारून उठवतो. सातवी ऋचा त्या वेळची नाहीच. ती दहनानंतरच्या शांतिकर्मात येते. तेव्हा घरातल्या तरुण स्त्रिया कोवळ्या दर्भाने डोळ्यांना लोणी लावतात आणि त्यांच्याकडे पाहत ही ऋचा म्हणायची असते. सूक्तात सातवी आधी आणि आठवी नंतर असली, तरी आश्वलायनाच्या विधीत त्यांचा क्रम उलटा आहे. ज्या ऋचेवर सतीचा आधार उभा केला गेला ती ऋचा म्हणण्याच्या वेळी तिथे चिताच जळत नसते.

या वादाचा काळही लक्षात ठेवण्यासारखा आहे. बेंटिंकने सतीबंदीचा कायदा 4 डिसेंबर 1829 रोजी केला. त्याआधीच्या वादात राममोहन रॉय यांनी आपला मुख्य भर स्मृतिवचनांवर ठेवला होता. ‘अग्रे’ की ‘अग्नेः’ हा प्रश्न युरोपीय पंडितांनी ऐरणीवर आणला तो 1850 च्या दशकात. ऑक्सफर्डच्या होरेस हेमन विल्सनने संहिता आणि सायणभाष्य तपासून सतीला वेदाचा आधार नाही असं दाखवलं, आणि सायणभाष्यासह ऋग्वेद छापण्याच्या कामात असलेल्या मॅक्सम्यूलरने त्याही पुढे जाऊन हा पुरोहितवर्गाच्या बेइमानीचा ठळक नमुना ठरवला. म्हणजे हा शब्द सापडल्यामुळे प्रथा बंद झाली, असं म्हणता येत नाही. बंदी त्याआधीच झाली होती.

मॅक्सम्यूलरचा आरोप पुढे पुष्कळांनी जसाच्या तसा उचलला. पांडुरंग वामन काणे यांनी तो मानला नाही. धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या दुसऱ्या खंडात, 1941 मध्ये, त्यांनी प्रत भ्रष्ट असेल किंवा साधी नजरचूक असेल असं मत दिलं. सतीचं समर्थन करणाऱ्या निबंधकारांचा भर मुळात स्मृतिवचनांवर होता, या एका ऋचेवर नव्हे, हेही त्यांच्या युक्तिवादात आहे. काणे सतीचे कैवारी नव्हते. मला त्यांचं म्हणणं पटतं, पण अर्धंच. चूक नकळत झाली असेल. ती इतकी वर्षं कुणी वेदपाठ्याला विचारून दुरुस्त केली नाही, याला नजरचूक म्हणता येणार नाही. त्या ग्रंथांच्या वाचकांना तो पाठ सोयीचा होता.

विद्यार्थिनीने प्रबंधिकेत मूळ पाठ म्हणून ‘अग्रे’ छापला. तळटीपेत ‘अग्नेः’ दिला, तो कोणत्या प्रतीत कोणत्या पानावर आहे ते लिहिलं, प्रत स्वररहित आहे हे लिहिलं, आणि कोलब्रुकच्या भाषांतरामागे दिसणारा ‘जलयोनिम्’ वेगळा नोंदवला. फेकून काही दिलं नाही, कारण चुकीचा पाठही कुणाच्या तरी हाताखाली खरा म्हणून वापरला गेला होता. ‘लबाडी’ हा शब्द पहिल्या मसुद्यात होता, तो तिने काढला.

बाईंनी मसुदा वाचून समासात एकच प्रश्न लिहिला: हा पाठ रघुनंदनांचा की त्यांच्या लेखनिकांचा? त्याचं उत्तर ऋग्वेदाच्या पोथ्या कितीही चाळल्या तरी मिळणार नव्हतं. त्यासाठी शुद्धितत्त्वाच्याच जुन्या प्रती एकमेकींशी ताडून पाहाव्या लागणार होत्या आणि रघुनंदन अवतरणानंतर त्या ऋचेचं जे स्पष्टीकरण देतात ते कोणत्या शब्दाला धरून आहे हे बघावं लागणार होतं, कारण लेखनिक अवतरण बिघडवतो तेव्हा त्याखालचं स्पष्टीकरण बहुधा तसंच राहून जातं. तिने कलकत्त्याच्या हस्तलिखितांच्या सूच्या मागवल्या आणि सोळाव्या-सतराव्या शतकातल्या प्रतींवर खुणा करायला सुरुवात केली.